बिल यायच्या आधी भरायचं की आल्यावर?

*माझ्याकडे एकच क्रेडिट कार्ड आहे, लिमिट एक लाख. चार वर्षांत एकही बिल उशिरा भरलेलं नाही, दर वेळी पूर्ण भरतो. तीन महिन्यांपासून महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत कामाचा दौरा असतो, तो खर्च मी कार्डावर करतो आणि कंपनी 25 तारखेला पैसे परत देते. त्यामुळे बिल सत्तर हजारांवर जातं. स्टेटमेंट 18 तारखेला येतं, शेवटची तारीख 7. मी 5 तारखेला भरतो. तरी सिबिल स्कोर 791 वरून 752 वर आला. अडीच-तीन महिन्यांत गृहकर्जासाठी अर्ज करायचाय. मित्र म्हणतो, स्टेटमेंट यायच्या आधीच पैसे भर. व्याज लागत नसताना आधी का भरायचं? आणि भरायचंच तर नेमकं कोणत्या तारखेला?*

मित्राचा सल्ला निम्मा बरोबर आहे. आधी भरल्याने तुमचा स्कोर बहुतेक सावरेल, पण ‘स्टेटमेंटच्या आधी’ एवढंच धरून चाललात तर तारीख चुकू शकते. तुमच्या बाबतीत 18 च्या आधीचा वाटेल तो दिवस धरून चालणार नाही, 12 तारीखच धरा. आणि हे कायमचं व्रत नाही. गृहकर्जाचे पैसे हातात पडेपर्यंत करा, मग सोडून द्या.

स्कोर का घसरला ते आधी पाहू, कारण तारखेचं गणित त्यातूनच निघतं.

तुम्ही शिस्तीने बिल भरता, हे ब्युरोला, म्हणजे कर्जांच्या नोंदी ठेवून स्कोर काढणाऱ्या सिबिलसारख्या संस्थेला दिसतं. तुमच्या अहवालात गेल्या 36 महिन्यांपर्यंतची परतफेडीची नोंद असते आणि तुमची ती स्वच्छ असणार. पण त्याच अहवालात दुसरा एक आकडा असतो: माहिती पाठवली त्या वेळी कार्डावर किती बाकी होती. ती बाकी भागिले लिमिट, याला क्रेडिट युटिलायझेशन म्हणतात. पूर्वी तुमचं बिल अठरा-वीस हजारांचं असेल, म्हणजे एक लाखाच्या लिमिटवर अठरा-वीस टक्के. आता ते सत्तर टक्के दिसतं. ते पैसे कंपनीचे आहेत, 25 तारखेला परत येणार आहेत आणि 5 तारखेला तुम्ही सगळं चुकतं करणार आहात, यातलं काहीही त्या एका आकड्यातून कळत नाही. गणित मांडणाऱ्याला इतकंच दिसतं की हा माणूस तीन महिन्यांपासून लिमिटच्या टोकाकडे चाललाय. जे पुढे हप्ते चुकवतात त्यांच्यातले बरेच जण आधी असेच टोकाला गेलेले असतात. म्हणून तुम्हालाही त्याच मापाने मोजलं जातं.

इथे भाषेचाही एक घोळ आहे. बँकेच्या ॲपवर ‘आउटस्टँडिंग’ दिसलं की आपण त्याला थकबाकी म्हणतो. पण थकबाकी म्हणजे मुदत उलटून गेलेली रक्कम. तुमच्या कार्डावर थकबाकी कधीच नव्हती. होती ती नुसती बाकी, तीही मुदतीच्या आत. व्याजाचा संबंध थकबाकीशी आहे आणि युटिलायझेशनचा बाकीशी. ‘व्याज लागत नसताना आधी का भरायचं’ हा तुमचा प्रश्न या दोन्ही गोष्टी एकच धरल्यामुळे पडलाय.

तीस टक्क्यांच्या आत राहा, असं तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. तो कायदा नाही आणि रिझर्व्ह बँकेचा नियमही नाही, अनुभवाने रुळलेला ठोकताळा आहे. 29 ला पास आणि 31 ला नापास असं काही नसतं. वापर जितका कमी तितकं बरं, आणि सत्तरवरून वीसवर येण्याने जो फरक पडतो तो वीसवरून दहावर येण्याने पडत नाही. त्यामुळे एकेका टक्क्यामागे लागू नका.

आता तारखा. ब्युरो तुमच्याकडे रोज पाहत नाही. बँक ठरावीक दिवसांची माहिती पाठवते. त्या दिवशी जी बाकी असेल तिचा जणू फोटो निघतो आणि पुढचा फोटो येईपर्यंत तोच चालतो. पूर्वी हा फोटो साधारण महिन्यातून एकदा निघायचा. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2024 मध्ये काढलेल्या आदेशाने 1 जानेवारी 2025 पासून तो महिन्यातून निदान दोनदा निघू लागला: एक 15 तारखेचा आणि एक महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा. त्या दिवसापासून सात दिवसांत बँकेने माहिती ब्युरोकडे पाठवायची आणि मिळाल्यापासून पाच दिवसांत ब्युरोने ती नोंदवायची, असं त्यात ठरलं. ही मुदत आणखी कमी करण्याकडेच रिझर्व्ह बँकेचा कल आहे, तेव्हा पुढे फोटो आणखी वरचेवर निघतील हे गृहीत धरा. तसं झालं तरी गणिताची रीत हीच राहील, फक्त तारखा बदलून घ्यायच्या.

खरी मेख इथून पुढे आहे. या फोटोत बँक कोणता आकडा देते? काही बँका शेवटच्या स्टेटमेंटवरची रक्कम पाठवतात, काही त्या दिवशीची प्रत्यक्ष बाकी. तुमच्या मित्राचा सल्ला पहिल्या प्रकारच्या बँकेसाठी बरोबर आहे. दुसऱ्या प्रकारात स्टेटमेंटची तारीख बिनमहत्त्वाची ठरते आणि 15 व महिनाअखेर या तारखा महत्त्वाच्या होतात.

तुमची बँक कोणत्या प्रकारातली, हे ग्राहक सेवेला फोन करून कळेलच असं नाही. समोरच्यालाच बहुधा माहीत नसतं. पण तुमच्या स्वतःच्या अहवालात उत्तर आहे. भारतात चार ब्युरो आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकाने वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. तो त्यांच्या संकेतस्थळावरून काढा. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने स्कोर कमी होत नाही, ती भीती सोडा. कार्डाच्या खात्यात तीन रकाने शोधा: Current Balance, Credit Limit आणि Date Reported. ब्युरोनुसार शब्द थोडे इकडेतिकडे असतील.

Current Balance चा आकडा शेजारी ठेवून गेल्या दोन स्टेटमेंटची एकूण रक्कम पाहा. समजा अहवालात 70,000 आहे आणि 18 तारखेच्या स्टेटमेंटवरही नेमके तेवढेच, तर बँक स्टेटमेंटचा आकडा पाठवते. जुळत नसेल तर Date Reported मध्ये जी तारीख आहे त्या दिवशी कार्डावर किती बाकी होती, हे ॲपमधल्या व्यवहारांवरून मोजा. आकडा तिथे जुळला की बँक त्या दिवशीची बाकी पाठवते, हे नक्की. दहा मिनिटांचं काम आहे.

त्याच वेळी Credit Limit चा रकानाही नीट वाचा. बँकेने तुमचं लिमिट वाढवलं असेल आणि अहवालात जुनंच असेल, तर युटिलायझेशन आहे त्यापेक्षा फुगलेलं दिसतं. अशी चूक सापडली तर ब्युरोच्या संकेतस्थळावरच तक्रार नोंदवता येते. तीस दिवसांत ती निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसासाठी शंभर रुपये भरपाई मिळण्याचा नियम आहे. आणि आपण न घेतलेलं एखादं कर्ज किंवा न केलेली कर्जाची चौकशी तिथे दिसत नाही ना, तेही बघून घ्या. स्कोर घसरण्याचं कारण युटिलायझेशनच आहे असं मी तुमच्या पत्रावरून म्हणतोय, अहवाल मी पाहिलेला नाही.

आता तुमच्याच आकड्यांवर गणित करू. सत्तर हजारांत दौऱ्याचे 52,000 आणि घरचे 18,000 धरतो. घरखर्च 19 पासून महिनाअखेरपर्यंत 8,000, 1 ते 12 मध्ये 6,000, 13 ते 15 मध्ये 2,000 आणि 16 ते 18 मध्ये 2,000 असा पसरवतो. तुमचे आकडे वेगळे असतील, ते घालून हेच पुन्हा करा.

सध्या काय होतं? 5 तारखेला तुम्ही मागचं बिल भरलं. 15 तारखेला कार्डावर दौऱ्याचे 52,000 आणि तोवरचा घरखर्च 16,000 मिळून 68,000 बाकी असते. 18 ला स्टेटमेंट निघतं 70,000 चं. आणि महिनाअखेरीला, बिल अजून भरायचंय म्हणून ते 70,000 अधिक नव्या महिन्याचे 8,000, म्हणजे 78,000. बँक कोणत्याही प्रकारातली असो, फोटोत तुम्ही 68, 70 किंवा 78 टक्क्यांवर दिसता. नियम पाळून, एक पैसा व्याज न भरता, तुम्ही नेमके चुकीच्या वेळी फोटोत येता.

आता 12 तारखेला फक्त दौऱ्याचे 52,000 भरून पाहा. 15 तारखेला बाकी राहते 16,000. 18 चं स्टेटमेंट निघतं 18,000 चं. 25 ला कंपनीचे पैसे आले की 26 ला ते 18,000 ही भरून टाका. महिनाअखेरीला कार्डावर नव्या महिन्याचे 8,000 उरतात. तिन्ही ठिकाणी वीस टक्क्यांच्या आत. तुमची बँक कोणता आकडा पाठवते, हा प्रश्नच मग उरत नाही, म्हणूनच मी 12 तारखेवर अडून बसलोय. 17 ला भरले असते तर स्टेटमेंट स्वच्छ आलं असतं, पण 15 च्या फोटोत 68,000 तसेच दिसले असते.

12 च का, 14 का नाही? भरलेले पैसे कार्डाच्या खात्यात त्याच क्षणी जमा होतातच असं नाही. बँकेच्या स्वतःच्या ॲपमधून भरले तर लगेच दिसतात, दुसऱ्या ॲपमधून भरले तर एक-दोन कामाचे दिवस जाऊ शकतात आणि मध्ये सुट्टी आली तर आणखी. तीन दिवस हाताशी ठेवा. 14 ला ॲपमध्ये जाऊन उपलब्ध लिमिट वाढलंय का ते पाहा. वाढलं असेल तर पैसे पोचले.

अजून एक बघायचं. दौऱ्यात हॉटेलने आगाऊ रोखून धरलेली रक्कम काही दिवस ‘पेंडिंग’ दिसते आणि नंतर खरा खर्च वेगळ्या आकड्याने चढतो. 12 तारखेला अंदाजाने भरू नका, व्यवहारांची यादी उघडून चढलेले खर्च मोजा आणि त्याप्रमाणे रक्कम ठरवा.

आधी भरण्यात तुमचं जातं काय? कंपनीचे पैसे 25 ला येतात, म्हणजे 52,000 तेरा दिवस तुमच्या बचतीतून अडकतात. बचत खात्यावर तेवढ्या रकमेचं तेरा दिवसांचं व्याज बहुतेक शंभर रुपयांच्या आतच असतं. दोन-तीन महिने एवढं सोसायला हरकत नाही. मात्र त्यासाठी कुणाकडून उसने घेऊ नका आणि मुदत ठेव तर मुळीच मोडू नका, कारण बचत नसेल तरी मार्ग आहे.

तो असा. 12 ला काही भरू नका. 25 ला पैसे आले की 26 ला सगळे 70,000 भरा. 15 आणि 18 चे आकडे फुगलेलेच राहतील, पण महिनाअखेरचा फोटो 8,000 चा निघेल. तुमची बँक त्या दिवशीची बाकी पाठवत असेल तर हा फोटो सात आणि पाच मिळून बारा दिवसांत, म्हणजे पुढच्या 12 तारखेपर्यंत अहवालात यायला हवा. पुढे 15 चा फुगलेला आकडा तिथे पोचायला काही दिवस लागतात. या मधल्या काळात अहवाल पुन्हा काढा, Current Balance मध्ये 8,000 दिसले की त्याच दिवशी अर्ज द्या. खिडकी अरुंद आहे, बँकेने 15 ची माहिती चपळाईने पाठवली तर ती आणखी अरुंद होईल, पण आहे.

बँक स्टेटमेंटचा आकडा पाठवणारी असेल तर ही युक्ती चालणार नाही. तिथे स्टेटमेंटची तारीखच हलवा. कार्डाचं बिलिंग चक्र निदान एकदा बदलून घेण्याची सोय बँकेने द्यायलाच हवी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ॲपमध्ये किंवा फोनवर ते करता येतं. स्टेटमेंट 28 च्या सुमारास आणून ठेवलंत तर 25 ला पैसे आले, 26 ला भरले आणि 28 ला छोटं बिल निघालं, असं चक्र आपोआप जमतं, आणि स्वतःची बचत एक दिवसही अडकत नाही. 28 च्या आधी तीन दिवस हाताशी राहत नाहीत, म्हणून हे पैसे बँकेच्याच ॲपमधून भरा. चक्र बदलताना मधलं एक बिल नेहमीपेक्षा लहान किंवा मोठं येतं. त्याची शेवटची तारीख वेगळी असते, तेवढी मात्र लिहून ठेवा.

आता एक माझी फजिती. काही वर्षांपूर्वी मीही असाच हुशारीने स्टेटमेंटच्या चार दिवस आधी सगळं भरून मोकळा झालो. त्या चार दिवसांत सहाशे-सातशे रुपयांचा किरकोळ खर्च झाला, त्याचं बिल निघालं आणि ‘या महिन्याचं तर आपण भरलंय’ या समजात मी ते उघडूनही पाहिलं नाही. जाग आली तेव्हा शेवटची तारीख उलटून बरेच दिवस झाले होते. दंड भरला त्याचं काही वाटलं नाही. पण परतफेडीच्या स्वच्छ नोंदीत एका महिन्यावर डाग बसला, तोही शेकड्यांतल्या रकमेसाठी.

यातला फरक नीट लक्षात घ्या. जास्त युटिलायझेशन पुढच्या फोटोत पुसलं जातं. अमेरिकेत व्हँटेजस्कोर 4.0 सारखी स्कोर काढायची काही सूत्रं मागच्या चोवीस महिन्यांचा कल पाहतात, पण सर्वसाधारणपणे ताज्या आकड्यालाच महत्त्व असतं. उशिरा भरलेल्या बिलाचा डाग मात्र वर्षानुवर्षं अहवालात राहतो. शेवटच्या तारखेनंतर तीन दिवस उलटेपर्यंत बँकेने ते खातं ब्युरोकडे मुदत उलटलेलं म्हणून कळवू नये, असा नियम आहे. तेवढीच काय ती सवड. म्हणून आधी भरायला लागण्यापूर्वी पूर्ण रकमेचं ऑटोपे चालू करा. ते किमान रकमेचं नाही ना, याची खात्री करून घ्या. 12 ला तुम्ही हाताने भराल आणि 18 ला जे काही बिल निघेल ते शेवटच्या तारखेला आपोआप जाईल. 26 ला तुम्ही तेही भरलंत तर बहुतेक बँका उरलेली रक्कमच ओढतात, पण पहिल्या महिन्यात खात्यावर लक्ष असू द्या. दोनदा कापले गेले तर जादा रक्कम कार्डावर जमा दिसते. बुडत नाही, पण नेमकी गरजेच्या वेळी अडकते.

लिमिट वाढवून घेणं हा दुसरा उपाय बरेच जण सुचवतील. उपाय चांगला आहे. एक लाखाचं लिमिट अडीच लाख झालं तर तेच 70,000 अठ्ठावीस टक्के ठरतात आणि तारखांची कसरतच उरत नाही. बँकेने ॲपमध्ये स्वतःहून वाढ देऊ केली असेल तर घ्या. तुम्ही होऊन अर्ज केलात तर बँक तुमचा अहवाल मागवू शकते आणि त्या चौकशीची नोंद होते. गृहकर्ज तोंडावर असताना विचारून घ्या की चौकशी होणार आहे का. नवं दुसरं कार्ड मात्र आत्ता घेऊ नका. चौकशीची नोंद, नवं कोरं खातं आणि गृहकर्जाच्या अधिकाऱ्याचा ‘हे आत्ताच का घेतलंत’ हा प्रश्न, एवढं सगळं दोन महिन्यांसाठी ओढवून घ्यायला नको.

दौऱ्यातला एखादा मोठा खर्च हप्त्यांत बदलायचा मोह होईल, तोही टाळा. हप्त्यांत गेलेल्या खर्चाचं उरलेलं मुद्दल लिमिट अडवून ठेवतं. बिल लहान दिसतं, पण बाकी मोठीच राहू शकते, आणि वर व्याज पडतं ते वेगळंच.

तुमच्या अडीच-तीन महिन्यांत हे असं बसवा. आजच अहवाल काढून ठेवा. येत्या 12 तारखेला पहिल्यांदा आधी भरा. 15 च्या माहितीला बारा दिवस धरले तर 27 पर्यंत ती अहवालात यावी. 28-29 ला पुन्हा पाहा. बाकीचा आकडा उतरलेला दिसला की बँक कोणता आकडा पाठवते तेही कळेल. दुसऱ्या महिन्यातही तसंच करा आणि त्या महिन्याच्या शेवटी अर्ज द्या. पहिल्याच महिन्यात स्कोर वर आला तरी दुसरा महिना थांबा, कारण चारही ब्युरोंकडे एकाच दिवशी माहिती पोचत नाही, आणि कर्ज देणारी बँक कोणाचा अहवाल काढेल हे तुमच्या हातात नाही. फुकट स्कोर दाखवणाऱ्या ॲपवर फार विसंबू नका. त्यातली बरीच महिन्यातून एकदाच ताजी होतात, आणि तुम्ही पाहताय तो आकडा सिबिलचा आहे की दुसऱ्या कुणाचा, हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

स्कोर पुन्हा नेमका 791 होईल असं मी सांगणार नाही. ब्युरो आपलं सूत्र उघड करत नाहीत, त्यामुळे अमुक टक्के कमी केले तर तमुक गुण वाढतील असं जो सांगतो तो अंदाजच सांगत असतो. तुमची घसरण या एका कारणाने झाली असेल तर कारण गेल्यावर ती बऱ्याच अंशी भरून निघायला हवी. दोन फोटो स्वच्छ जाऊनही स्कोर हलला नाही, तर कारण दुसरीकडे आहे असं समजून अहवाल पुन्हा ओळीओळीने वाचा.

कर्ज मंजूर झालं तरी प्रत्यक्ष रक्कम मिळेपर्यंत 12 तारीख सोडू नका. काही कर्जदाते पैसे देण्याआधी अहवालावर पुन्हा नजर टाकतात. पैसे मिळाले की आधी भरणं थांबवा आणि पूर्वीसारखं बिल आल्यावर 5 तारखेला भरा. दौऱ्यांमुळे स्कोर पुन्हा साडेसातशेच्या आसपास उतरला तरी त्याने काही बिघडत नाही. ज्या महिन्यांत कुणी तुमचा अहवाल मागवणार नाही, त्या महिन्यांत तो आकडा तुमच्याशिवाय कुणी पाहत नाही, आणि बँकेने दिलेले बिनव्याजी दिवस वापरणं हा तुमचा हक्क आहे. ऑटोपे मात्र तसंच चालू ठेवा.